इलॅस्टिक बफर मोठा करणं: उपाय की उधारी?

भोसरी_बोर्ड: आमच्या कॅमेरा बोर्डावरून एफपीजीएकडे २.५ गिगाबिटची सिरियल लिंक आहे, ८बी/१०बी, दोन्हीकडे आपापला क्रिस्टल. रिसीव्हरमधला इलॅस्टिक बफर ६४ खोल होता तेव्हा दर ३.२ मिलिसेकंदांनी ओव्हरफ्लो यायचा. ५१२ केला, आता साधारण २५ मिलिसेकंदांनी येतो. साहेब म्हणतात, अजून मोठा करा. करावा का?

हिंजवडी_आरटीएल: अजिबात नको. बफर आठपट झाला आणि दुखणं आठपट उशिरा आलं, याचा अर्थ टाकी मोठी झाली, पण तोटी कुठेच नाही.

हिशोब करा. सेकंदाला २५ कोटी सिम्बॉल येतात. बफर अर्धा भरून सुरू होतो, म्हणजे पहिल्या वेळी ३२ जागा मोकळ्या होत्या आणि त्या ३.२ मिलिसेकंदांत भरल्या. सेकंदाला १०,००० सिम्बॉल जादा, म्हणजे फरक ४० पीपीएम. आता २५६ जागा त्याच वेगाने भरायला २५.६ मिलिसेकंद लागतात. तुमचा आकडा तंतोतंत जुळतो. म्हणजे बोर्ड बिघडलेला नाही, दोन क्रिस्टल थोडे वेगळे धावतात इतकंच.

उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. त्याने मधूनमधून टाकून दिला तरी चालेल असा स्किप सिम्बॉल पाठवायचा. बफर वर चढला की रिसीव्हर तो गाळतो, खाली गेला की एक जास्तीचा घालतो. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत हेच आहे: ६०० पीपीएमपर्यंत फरक म्हणजे दर १,६६६ सिम्बॉलांमागे एकाची घसरण, म्हणून १,१८० ते १,५३८ सिम्बॉलांत स्किपचा संच पाठवायची वेळ येते.

युआर्टवाला_चिंचवड: आमच्याकडे पीएलसीला बॉड रेट चुकला होता, असाच कचरा यायचा. दोन्हीकडे ९६०० आहे का बघा आधी.

हिंजवडी_आरटीएल: दादा, युआर्ट दर बाइटच्या स्टार्ट बिटवर नव्याने जुळवून घेतो, म्हणून तिथे फरक साठत नाही. इथे रिसीव्हर डेटातूनच घड्याळ काढतो, बिट बरोबरच वाचले जातात. गोंधळ त्यानंतर, लिहायचं घड्याळ एक आणि वाचायचं दुसरं म्हणून.

ब्लॉकरॅम_बाणेर: "अजिबात नको" जरा जास्त झालं. फ्रेम केवढी आहे ते कुणी विचारलंच नाही.

भोसरी_बोर्ड: २०४८ बाय १०००, एक पिक्सेल एक बाइट. फ्रेमला फ्रेम चिकटून जाते, मध्ये फट नाही.

ब्लॉकरॅम_बाणेर: मग एक फ्रेम साधारण ८.२ मिलिसेकंदांची. दोन्ही क्रिस्टल १०० पीपीएमचे आणि उलट टोकांना गेले असं धरा, तरी अख्ख्या फ्रेममध्ये ४१० सिम्बॉल सरकतील. १०२४चा बफर घ्या, अर्ध्यावर ठेवा, फ्रेम संपली की ५०० स्किप पाठवा आणि त्यातच पुन्हा मध्यावर आणा. फ्रेमच्या पोटात काही घुसवायला नको, लाइनचं लॉजिक तसंच राहतं. दर लाइनला एक स्किप घातला तर १,००० खर्च होतील, इथे ५००. उशीर सरासरी २ मायक्रोसेकंद. कॅमेऱ्याला त्याचं काय?

हिंजवडी_आरटीएल: हे मान्य, पण हा "बफर मोठा करा" नव्हे, हा "फट ठेवा आणि तोवर पुरेल एवढा बफर घ्या" आहे. साहेबांचं म्हणणं हे नव्हतं. आणि उद्या २ कोटी पिक्सेलचा सेन्सर आला की फ्रेममागे ४,००० सिम्बॉल सरकणार, म्हणजे ८,००० खोली. दर लाइनला एक स्किप ठेवला तर फ्रेममध्ये लाइन कितीही वाढोत, बफर १६चाही पुरतो. २०४८च्या एका लाइनला सरकतं किती, तर अर्ध्या सिम्बॉलहूनही कमी.

ब्लॉकरॅम_बाणेर: उद्याचा सेन्सर उद्या. पाठवणाऱ्या बोर्डाचं फर्मवेअर बदलायला किती दिवस लागतात ते भोसरीवाल्यांना विचारा.

मीरा_औंध: फरकच नको असेल तर रिसीव्हरने डेटातून काढलेलं घड्याळच पुढे वापरा, बफरची गरज उरत नाही. फक्त केबल काढली की ते घड्याळ भरकटतं, आणि त्यातला जिटर पुढच्या सर्किटला चालतो का ते तपासावं लागतं. आमच्या एका डिझाइनला चालला नाही.

आणि भोसरीवाले, क्रिस्टलवर शंका असेल तर दोन्ही बोर्डांची अदलाबदल करून बघा. बफरची पातळी एका रजिस्टरमध्ये काढा. घड्याळांचाच फरक असेल तर ती सरळ रेषेत चढते किंवा उतरते. उड्या मारत असेल तर दुसरं काहीतरी.

भोसरी_बोर्ड: मीराताई, केलं. ऑसिलेटर तेवढे अदलाबदल केले, आता ओव्हरफ्लोऐवजी अंडरफ्लो येतो, वेळ तेवढाच. पातळी सरळ रेषेत उतरते. लाइनमागे स्किप घातलेला बोर्ड सकाळपासून चालू आहे, पातळी मध्याच्या एक वर-खाली. साहेब मात्र १०२४च हवा म्हणतात, कारण कॅमेऱ्याचं फर्मवेअर दुसऱ्या टीमकडे आहे.