मागणीची रक्कम तुटीवरून ठरवा

> दिवाळीच्या मालासाठी कॅश क्रेडिट हवंय. मॅनेजरसाहेबांना पत्रात किती मागू?

आधी महिनावार रोख जमा-खर्चाचा तक्ता मांडा; त्यातली सगळ्यात मोठी तूट हा मागणीचा आधार. जमेत विक्री नाही, हातात येणारा पैसा धरा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ऑक्टोबरची उधारी नोव्हेंबरात वसूल होणार असेल तर ती नोव्हेंबरच्याच रकान्यात हवी. खर्चात घसारा नको, त्यात रोख जात नाही.

समजा सप्टेंबरची आरंभीची शिल्लक १ लाख, जमा ३, खर्च ६: तूट २ लाख. ऑक्टोबरात जमा ५, खर्च साडेपाच: तूट अडीचवर. नोव्हेंबरात जमा ६, व्याजासकट खर्च ३: अर्धा लाख शिल्लक. मग पत्रात सरळ लिहा: "ऑक्टोबरअखेर अडीच लाखांची तूट दिसते. वसुली लांबल्यास ५० हजार जादा धरून ३ लाखांची मर्यादा मिळावी. नोव्हेंबरच्या वसुलीतून तूट भरून निघेल."