मॉनिटरवरचा एक ठिपका: मेलेला की अडकलेला? आपापले अनुभव लिहा

निळीशाई

गेल्या गुरुवारी नवा 24 इंची मॉनिटर आला, आयपीएस पॅनेलचा. रात्री दिवे मालवून सिनेमा लावला आणि खालच्या काळ्या पट्टीत हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. म्हणजे लुकलुकत नव्हता, ठाम होता. माझाच जीव लुकलुकत होता. आधी पडदा पुसला, मग चष्मा पुसला. सकाळी एक्सेलच्या पांढऱ्या पानावर शोधला तर सापडेना.

परत करायची मुदत 10 दिवस, त्यातले चार संपले. भाचा म्हणतो, एक वेबसाइट आहे, ती रंग झपाझप बदलून पिक्सेल बरा करते. ज्यांना असा ठिपका भेटलाय त्यांनी सांगा: ओळखलात कसा, केलंत काय आणि ती झगमग खरंच लागू पडते का? ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

कट्ट्यावरचा

सोपं आहे ताई. काळा ठिपका म्हणजे मेलेला, रंगीत म्हणजे अडकलेला. रंगीत बरा होतो, काळ्याला पाणी सोडायचं.

माझा जांभळट गुलाबी होता. वर्डच्या पांढऱ्या पानावर बरोब्बर डोळ्यांसमोर यायचा. UDPixel नावाचं तसंच रंग बदलणारं सॉफ्टवेअर तीन रात्री चालू ठेवलं, काही फरक नाही. बहुतेक वेळ कमी पडला.

सोल्डरगन

कट्ट्यावरचा, वेळ कमी पडला नाही, निदान चुकलं. मी कोल्हापुरात वीसेक वर्षं मॉनिटर उघडतोय, हा घोळ दर महिन्याला बघतो.

एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन खिडक्या असतात. पांढऱ्या पानावर तिन्ही उघड्या. त्यातली हिरवी कायमची मिटली की लाल आणि निळा उरतो, म्हणजे तुमचा जांभळट गुलाबी. ठिपका रंगीत, पण खिडकी मेलेलीच. निळी मेली तर पिवळा ठिपका, लाल मेली तर आकाशी. तेव्हा ठिपक्याच्या रंगावर जाऊ नका. तो कशावर दिसतो ते बघा. काळ्या पडद्यावर दिसला तर खिडकी उघडी अडकली आहे. पांढऱ्यावर दिसला तर मिटलेली आहे.

त्यासाठी काही डाउनलोड करायला नको. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी हे टाका आणि F11 दाबा:

```
data:text/html,<body bgcolor=black>
```

मग `black` काढून एकेक करून `white`, `red`, `lime`, `blue` टाका. हिरव्यासाठी `green` लिहू नका, तो अर्धवटच उजळतो. पूर्ण हिरवा `lime`. खोलीत अंधार करा आणि आधी पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. निळीशाई, पाचही रंगांवर काय दिसतं ते लिहा.

बांधावरून

माझा ठिपका चालत होता.

थट्टा नाही. चिपळूणला घर, जुलै महिना, रात्री खिडकी उघडी. पांढऱ्या पडद्यावर बारीक काळा ठिपका. मी वाचलेलं सगळं केलं, झगमगाटाची खिडकी त्याच्यावर नेऊन ठेवली, अर्ध्या तासाने बघतो तर ठिपका खिडकीच्या बाहेर! मला वाटलं जागा चुकली. परत सरकवली. परत बाहेर. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की हे चिलट आहे. मागच्या भोकांतून शिरून काचेच्या मागच्या पांढऱ्या थरात फिरत होतं, उजेडाला आलेलं.

बायको म्हणाली, चिरडून टाका. नशीब, दाबलं नाही. मॉनिटर बंद करून समोर टेबलावरचा दिवा लावून ठेवला. सकाळी ठिपका नव्हता. त्या दिव्याकडे गेलं की आतल्या आत खाली पडलं, देव जाणे.

सोल्डरगन

दाबलं नाहीत ते फार बरं केलंत. चिरडलेलं चिलट तिथेच चिकटतं आणि मग पॅनेल पूर्ण सोडवल्याशिवाय निघत नाही. भिंगातून बघितलं की कळतं: पिक्सेल असेल तर कडा चौकोनी आणि रांगेत बसलेल्या. धूळ किंवा किडा असेल तर कडा धूसर, तीन-चार पिक्सेलवर पसरलेल्या, आणि मान हलवली की ठिपका जागचा किंचित सरकल्यासारखा वाटतो. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा.

मंगलमूर्ती७१

आमच्या टीव्हीवर वरपासून खालपर्यंत उभी रेघ आली आहे, हिरवी. ही वेबसाइट टीव्हीवर चालेल का? मुलगा बंगलोरला असतो, इथे विचारणारं कोणी नाही.

सोल्डरगन

काका, नाही चालणार. अख्खी रेघ म्हणजे पिक्सेलचं दुखणं नाही, त्या रांगेला सिग्नल पोचवणारी पट्टी किंवा तिचा काचेवरचा जोड गेलाय. टीव्ही तापल्यावर रेघ कमी-जास्त होते का ते बघून ठेवा. दुरुस्तीवाल्याला तेवढं सांगितलंत तरी त्याचा अर्धा तास वाचेल.

निळीशाई

केलं सगळं. काळ्यावर हिरवा. पांढऱ्यावर काहीच नाही. `lime` वर गायब. `red` वर पिवळा, `blue` वर आकाशी. फोनच्या झूममध्ये एकच हिरवी उभी चीर उजळलेली दिसते, शेजारच्या दोन काळ्या.

सोल्डरगन

झालं तर. हिरवी खिडकी उघडी अडकली आहे. लालमध्ये हिरवा मिसळला की पिवळा, निळ्यात मिसळला की आकाशी. पांढऱ्यात हिरवा हवाच असतो, म्हणून एक्सेलमध्ये सापडला नाही.

रांगेतला_शेवटचा

माझा अनुभव हसण्यासारखा आहे. ग्राहकसेवेने फोटो मागितला. मी स्क्रीनशॉट काढला, पेंटमध्ये ठिपक्याभोवती लाल गोल केला आणि पाठवला. उत्तर आलं: ‘गोलात काही दिसत नाही.’ मी चिडून परत पाठवला. माझ्या पडद्यावर तर दिसतोय ना! बायकोने तिच्या लॅपटॉपवर उघडला तेव्हा कळलं, गोल रिकामाच आहे. स्क्रीनशॉट संगणक आतून काढतो, त्याला काचेचा काय पत्ता. मग फोनने फोटो काढला. तेव्हा उत्तर आलं की एक पिक्सेल वॉरंटीत बसत नाही. दोन आठवडे गेले ते वेगळेच.

मुद्देसूद

‘बसत नाही’ हे ते हवेत बोलत नाहीत. आयएसओचं 13406-2 नावाचं मानक होतं, 2001 चं. त्याच्या दुसऱ्या वर्गात दर 10 लाख पिक्सेलमागे 2 कायम पेटलेले, 2 कायम विझलेले आणि 5 अर्धेमुर्धे, म्हणजे एखादी खिडकी बिघडलेले, इतके चालायचे. फुल एचडी पडद्यावर 20 लाखांवर पिक्सेल, म्हणजे हिशेब साधारण दुप्पट. पुढे त्याची जागा 9241-307 ने घेतली. काही कंपन्या आपण होऊन याहून उदार असतात, त्यांच्या पानावर वाचून घ्या.

थोडक्यात, निळीशाई, वॉरंटीच्या भरवशावर राहू नका. दुकानाची दहा दिवसांची मुदत हेच तुमचं हत्यार.

ओळंबा

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे खोड जात नाही. माझ्या मॉनिटरवर एकदम दोन अडकलेले होते, एक लाल, एक निळा, वीतभर अंतरावर. म्हटलं, ही तर आयती संधी. JScreenFix या झगमगवाल्या वेबसाइटची छोटी खिडकी फक्त लालवर ठेवली, निळ्याला हात लावला नाही. ते लोक निदान 10 मिनिटं सांगतात. मी रोज दोन तास ठेवलं आणि वहीत नोंद केली.

तिसऱ्या दिवशी लाल गेला. मी जवळजवळ पेढे वाटले. नवव्या दिवशी निळाही गेला, काही न करता. पाच आठवड्यांनी लाल परत आला, सकाळी मॉनिटर गार असताना दिसायचा, तासाभराने मावळायचा. निळा आजतागायत आलेला नाही.

आता यातून झगमग लागू पडते म्हणू की नाही? मी फक्त लालच बघितला असता तर इथे ‘तीन दिवसांत गुण’ असं लिहून मोकळी झाले असते.

चहा_कटिंग

पण माझा तीन आठवडे ठाण मांडून होता आणि JScreenFix लावल्यावर वीस मिनिटांत गेला. दीड वर्ष झालं, आला नाही. याला योगायोग म्हणायचं?

ओळंबा

म्हणायचं की नाही तेच कळत नाही, हेच तर म्हणतेय. तुमच्या मॉनिटरवर दुसरा ठिपका असता तर मजा आली असती.

सोल्डरगन

माझा अंदाज सांगतो, अंदाजच. प्रत्येक खिडकीमागे एक ट्रान्झिस्टर असतो. तो कायमचा जळाला किंवा शॉर्ट झाला तर वेबसाइट कितीही नाचली तरी त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. पण तो कच्चा असेल, गार-गरम होताना लहरीपणा करत असेल, तर वेगाने चालू-बंद करून कधी ताळ्यावर येतो. ओळंबाताईंचा लाल त्यातला वाटतो, थंडीत उलटतो म्हणजे. असे काही आपोआपही येतात. त्यामुळे गुण कशाचा, हे एका मॉनिटरवरून सांगता येत नाही.

आणि एक. आयपीएस आणि व्हीए पॅनेलची खिडकी वीज नसताना मिटलेली असते. जुन्या लॅपटॉपांच्या टीएन पॅनेलमध्ये उलटं, वीज नसताना उघडी. म्हणजे टीएनवर ट्रान्झिस्टर साफ मेला तरी ठिपका पेटलेलाच दिसतो. तिथे ‘पेटलेला आहे, बरा होईल’ ही आशा फसवी.

कट्ट्यावरचा

माझा लॅपटॉप टीएनच आहे. म्हणजे माझं दोन्हीकडून चुकलं?

सोल्डरगन

तुमचा पांढऱ्यावर दिसत होता, म्हणजे खिडकी मिटलेलीच. टीएन असो नाही तर आयपीएस, ती झगमगाटाने उघडलेली मी एकदाही पाहिली नाही.

चहा_कटिंग

पेन्सिलच्या मागच्या रबराने हलकं दाबून गोल फिरवतात, तो उपाय कोणी केलाय का?

रांगेतला_शेवटचा

मी. वॉरंटीतून नकार आल्यावर वैतागून. ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती नाण्याएवढा पांढुरका डाग पडला. आधी अंधारात शोधावा लागायचा, आता पाहुण्यांनासुद्धा दिसतो.

बांधावरून

त्या झगमगाटाकडे बघत बसू नका एवढं मीही सांगतो. माझ्या पुतणीला फिट येतात, तिला त्या खोलीतच येऊ दिलं नव्हतं. खिडकी लहान करून ठेवायची, वरून पुठ्ठा लावायचा आणि आपल्या कामाला जायचं.

निळीशाई

तीन रात्री लावलं, दर वेळी दोन तास, पुठ्ठा लावून. आज सकाळी ठिपका नव्हता. मी बॉक्स माळ्यावर टाकायला निघाले होते. दुपारी परत हजर.

ओळंबाताईंची गार-गरमची नोंद आठवली म्हणून मॉनिटर तासभर बंद ठेवून पुन्हा लावला: पहिली दहा मिनिटं नाही, मग आहे. म्हणजे त्यांच्या उलट, माझा तापल्यावर येतो. उद्या दहावा दिवस. परत करतेय.

सोल्डरगन

बरोबर. असा येऊन-जाऊन असलेला ठिपका महिन्याभराने कायमचा बसला तर तेव्हा कोणी दाद देणार नाही. माणूस न्यायला येईल तेव्हा आधी अर्धा तास चालू ठेवा, नाही तर त्याच्यासमोर नेमका गायब असेल.

निळीशाई

गेला मॉनिटर. तासभर चालू ठेवला होता. न्यायला आलेल्या पोराने विचारलं, ‘यात बिघडलंय काय?’ मी पडदे ओढून काळा स्क्रीन लावला, बोट ठेवून दाखवलं. तो खाली वाकून बराच वेळ बघत होता. म्हणाला, ‘कुठंय?’

ओळंबा

त्या वेळी ठिपका होता ना पण?

निळीशाई

होता हो. ढळढळीत.