मास्क, सीड, स्ट्रेंग्थ वगैरे: चपलेच्या फोटोवरून

> "फोटो आमच्या कोल्हापुरी चपलांचेच हवेत, फक्त मागची फरशी बदलायची आहे. मास्क, सीड, स्ट्रेंग्थ, गायडन्स, रेफरन्स म्हणजे काय?"

फोटोचा ठराविक भाग AI कडून नव्याने काढून घेताना हे शब्द लागतात. सुरुवात मास्कपासून करा. फोटोवर रंगवून दाखवलेला 'इथेच बदल कर' हा भाग म्हणजे मास्क. बहुतेक ठिकाणी पांढरं बदलतं, काळं तसंच राहतं. तुम्ही फरशी रंगवा, चप्पल सोडा. वेणी किंवा कान मास्कखाली आले तर ते नव्याने काढले जातात आणि वीण हमखास बिघडते. चपलेची सावली मात्र मास्कमध्ये घ्या, नाहीतर नव्या जमिनीवर जुनी सावली उरते.

स्ट्रेंग्थ म्हणजे मास्कमधलं जुनं चित्र किती पुसायचं. 0 ला काहीच बदलत नाही, 1 ला जवळपास सगळं नवं. 0.4 वर फरशीच्या रेघा डोकावत राहतील. लाकडी पाट हवा असेल तर 0.85 च्या आसपास जा.

हे आकडे बदलताना सीड कायम ठेवा. चित्र ज्या यादृच्छिक ठिपक्यांपासून सुरू होतं, त्यांचा तो क्रमांक. तो बदलत राहिला तर फरक स्ट्रेंग्थमुळे पडला की सीडमुळे, हे कळणारच नाही.

गायडन्स म्हणजे लिहिलेल्या वर्णनाला किती चिकटून राहायचं. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या AI च्या जुन्या मॉडेलांत 7 ठीक. फार वाढवलं की रंग भडक होतात.

रेफरन्स म्हणजे नमुन्याचं चित्र. त्यातून पाटाचा रंग, प्रकाश उचलला जातो, पण हुबेहूब नक्कल होत नाही. म्हणून चपलेसाठी रेफरन्सवर विसंबू नका, ती मास्कबाहेरच ठेवा.