‘रिप्रोड्युसिबिलिटी’ला मराठी शब्द हवा आहे, बोअर गेजच्या तक्त्यासाठी

चाकणफाटा
भोसरीच्या एका मशीन शॉपसाठी गेज आर अँड आरचा, म्हणजे गेजच्या मापांत किती फरक पडतो त्याच्या अभ्यासाचा, तक्ता मराठीत लिहितो आहे. तपासणीच्या टेबलासमोर चिकटवायचा आहे, म्हणून वाचणारे ऑपरेटरच. रिपीटेबिलिटीला ‘पुनरावृत्तिक्षमता’ आणि रिप्रोड्युसिबिलिटीला ‘पुनरुत्पादनक्षमता’ लिहिलं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ पहिल्याच वाचकाने ‘पीस परत बनवता येणे’ असा घेतला, म्हणजे थेट रिवर्क. खाली निकाल होता ‘४१ टक्के’. त्यावर प्रश्न आला, ‘म्हणजे पास ना?’

काम असं आहे: २० एच७ बोअर, म्हणजे २०.००० ते २०.०२१, एकूण २१ मायक्रॉनची सूट. एक मायक्रॉनचा डायल बोअर गेज, १० पीस, तीन ऑपरेटर, प्रत्येकाची तीन-तीन मापं. शब्द सुचवा.

अनुस्वार
‘पुनरुत्पादन’ जीवशास्त्राने आधीच घेतलेला शब्द आहे, तो इथे चालणार नाही. ‘पुनःप्राप्यता’ घ्या. तेच मूल्य पुन्हा प्राप्त होणे. पहिल्याला ‘आवर्तनीयता’. दोन्ही संस्कृतातून सरळ आलेले आणि व्याकरणाला धरून आहेत. वाचक अडेल या भीतीने आपण शब्दच घडवले नाहीत तर तांत्रिक मराठी ‘सेट कर, चेक कर’च्या पुढे जाणार नाही.

मापाडी
मला अडचण ‘पुनः’ची वाटत नाही, शेवटच्या ‘क्षमता’ आणि ‘ता’ची वाटते. क्षमता म्हटलं की आकडा जितका मोठा तितकं बरं, असं मराठी मन धरतं. दहावीला ३५ला पास होणाऱ्या राज्यात ‘पुनरावृत्तिक्षमता ४१ टक्के’ कुणालाही पासच वाटणार. पण हा आकडा क्षमता सांगत नाही, मापं किती फाकली ते सांगतो. २१ मायक्रॉनच्या सुटीतला ४१ टक्के भाग मोजण्याच्या फरकानेच खाल्ला, असा त्याचा अर्थ. तेव्हा शब्दात ‘फरक’ किंवा ‘फाकणं’ आलंच पाहिजे. माझी सूचना: ‘एकहाती फरक’ आणि ‘हातबदल फरक’. तोच माणूस, तोच गेज, तोच पीस, तरी जो फरक येतो तो एकहाती. माणूस बदलल्यावर जो येतो तो हातबदल.

अनुस्वार
‘एकहाती’ म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय. एकहाती सत्ता, एकहाती सामना जिंकला. रूढ अर्थ मोडून शब्द वापरणं ही भाषेची सेवा नव्हे.

निगडी_क्यूसी
शब्द कुठलाही घ्या, अर्थ सोपा आहे. पहिला फरक गेजचा, दुसरा माणसाचा. पहिला जास्त आला तर गेज बदला, दुसरा जास्त आला तर ट्रेनिंग द्या. तक्त्यात ‘यंत्रफरक’ आणि ‘माणूसफरक’ लिहा, विषय संपला. आणि गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चालू असेल तर पहिला फरक तसाही कमीच येतो.

मापाडी
ताई, दुसऱ्या शब्दाबद्दल तुमचं बरचसं बरोबर आहे, पहिल्याबद्दल नाही. एकहाती फरकात गेजचं घर्षण आणि काट्याचा ढिलेपणा असतो, पण त्याच माणसाने गेज दर वेळी वेगळा झुलवला तर तेही त्यातच येतं. शिवाय पीस स्वतः गोल नसेल तर तेही. बोअर दोन मायक्रॉन अंडाकृती असेल आणि पहिलं माप उभं, दुसरं आडवं घेतलं, तर तुम्ही निर्दोष गेज भंगारात काढाल. म्हणून आधी प्रत्येक पिसावर मार्करने खूण करावी: किती खोलीवर, कुठल्या दिशेला. सगळी मापं त्या खुणेवरच. ‘यंत्रफरक’ लिहिलंत तर हे शोधायला कुणी जाणारच नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ते लॅबमध्ये, स्थिर तापमानाला, सरावलेल्या हाताने दिलेलं असतं. तुमच्या टेबलावर तीन शिफ्टचे तीन हात काय करतात ते त्यात नसतं.

चाकणफाटा
आकडे देतो, म्हणजे शब्द कशावर बसवायचा ते दिसेल. प्रत्येकाच्या तीन मापांतली तफावत काढली, तिची एकूण सरासरी १.२ मायक्रॉन. तिघांच्या सरासरींत सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची यांतलं अंतर २.४ मायक्रॉन. एक्सेलमध्ये ते असं बसतं, EV म्हणजे रिपीटेबिलिटी, AV म्हणजे रिप्रोड्युसिबिलिटी, GRR म्हणजे दोन्ही मिळून:

```
EV  = 1.2 × 0.5908 = 0.709
AV  = √((2.4 × 0.5231)² − 0.709²/30) = 1.249
GRR = √(EV² + AV²) = 1.436
6 × GRR / 21 = 41.0 %
```

EV एकटा धरला तर २०.३ टक्के, AV एकटा धरला तर ३५.७ टक्के. बेरीज ५६ होते, ४१ नाही, आणि तक्ता वाचणारे इथेच अडतात. फरकांचे वर्ग मिळवायचे असतात, हे मराठीत एका ओळीत कसं लिहू?

मापाडी
‘दोन्ही आकड्यांचे वर्ग करा, मिळवा, मग वर्गमूळ काढा.’ शाळेच्या पुस्तकातलं पायथागोरस सगळ्यांना आठवतं. काटकोनाच्या दोन बाजू म्हणजे दोन फरक, आणि कर्ण म्हणजे एकूण. चित्रच काढा. मोठी बाजू कमी केली तरच कर्ण झपाट्याने कमी होतो, हेही त्यात दिसतं. तुमच्याकडे मोठी बाजू हातबदलाची आहे.

एक सांगा, ज्याची सरासरी सगळ्यात खाली आहे तो दहाही पिसांवर खाली आहे, की दोन-चार पिसांवरच?

चाकणफाटा
दहाही पिसांवर. तिसरा ऑपरेटर पहिल्यापेक्षा जवळजवळ सारखाच खाली.

मापाडी
मग त्याचा झिरो बघा. सगळ्या पिसांवर सारखाच सरक असेल तर संशय सेटिंगवर घ्यायचा. दोन-चार पिसांवरच असता तर पीस धरण्यावर किंवा मापाच्या जागेवर घेतला असता. पडताळा असा: तिसऱ्याने २०.००० च्या मास्टर रिंगवर झिरो लावायचा, डायलला हात न लावता गेज पहिल्याच्या हातात द्यायचा, आणि पहिल्याने तीच रिंग मोजायची.

चाकणफाटा
आज करून पाहिलं. पहिल्याच्या हातात काटा उणे दोनवर उलटतो.

मापाडी
तेच ते. तिसरा रिंगमध्ये गेज पूर्ण झुलवत नाही. गेज तिरका असताना अंतर खऱ्या व्यासापेक्षा मोठं भरतं, आणि तो त्यालाच झिरो म्हणतो. पीस मात्र नीट झुलवून मोजतो, म्हणून प्रत्येक पीस दोन मायक्रॉन लहान दिसतो. तक्त्यात ही ओळ ठळक घाला: ‘झिरो लावताना गेज दोन्ही बाजूंना झुलवा, काटा जिथून मागे फिरतो तिथे झिरो.’

झिरो प्रत्येकाने स्वतः लावायचा, हेही लिहा. काही ठिकाणी एकदाच झिरो लावून तिघांना गेज देतात आणि आकडा देखणा येतो. पण रोजच्या कामात जर प्रत्येक शिफ्टचा माणूस आपला झिरो आपण लावत असेल, तर नेमका तोच फरक अभ्यासातून गायब होतो.

लेथवाला
आमच्याकडे बोअरला गो-नो गो प्लग आहे. त्याचा हातबदल फरक कसा काढायचा? प्लगला आकडाच नसतो.

निगडी_क्यूसी
प्लगला ही पद्धत लागत नाही. तिथे प्रत्येकाने ‘पास’ की ‘फेल’ म्हटलं ते जुळवून बघतात, आणि सीमेजवळचे पीस मुद्दाम घ्यावे लागतात. वेगळा धागा काढा.

अनुस्वार
मूळ प्रश्न शब्दाचा होता, याची आठवण करून देतो. आणि ‘गेज’ तरी का? आपला ‘गज’ आहेच. हे दोन एकाच कुळातले असावेत असं माझं मत आहे.

मापाडी
गज फारसीतून आला, गेज फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. उच्चार जवळ आहेत म्हणून नातं लागत नाही. आणि गज ही लांबी, गेज हे साधन. भोसरीत ‘गज आण’ म्हटलं तर खिडकीचा गज येईल.

चाकणफाटा
झिरोची पद्धत सुधारून अभ्यास पुन्हा केला. सरासरींतलं अंतर ०.६ मायक्रॉनवर आलं, तीन मापांतली तफावत तीच १.२. एकूण २१.८ टक्के.

निगडी_क्यूसी
तीसच्या आत आलं ना, मग चालेल. तक्त्यात ‘स्वीकार्य’ लिहा.

मापाडी
दहाच्या खाली बिनघोर, तीसच्या वर नाही. मधला पट्टा म्हणजे काम कुठलं, चुकीची किंमत किती, हे पाहून ठरवायचं. तिथे नुसतं ‘स्वीकार्य’ लिहिणं मला पटत नाही, ‘अटीवर’ लिहा. अट काय तेही सांगतो. आता GRR ०.७६ मायक्रॉन आहे, त्याची तिप्पट २.३. म्हणजे गेज २०.०२० दाखवत असेल तेव्हा खरा बोअर २०.०२२ असू शकतो. हा बोअर बेअरिंगच्या फिटचा असेल तर २०.००३ ते २०.०१८ एवढ्यातच पास करा, बाकीचे पीस जास्त बारीक साधनावर पुन्हा मोजा. मात्र मशीनवाल्याला २१ऐवजी १५ मायक्रॉनच उरतात, ही त्याची किंमत. ती परवडत नसेल तर एअर गेज. दहा टक्क्यांत बसायला GRR ०.३५ मायक्रॉनच्या आत लागेल, आणि तुमचा एकहाती फरकच ०.७१ आहे. कितीही ट्रेनिंग दिलंत तरी या डायलवर तिथवर पोचणार नाही.

लेथवाला
पीस मशीनवरून काढल्या काढल्या मोजत असाल तर आधी थंड होऊ द्या. स्टीलचा २० मिलिमीटरचा बोअर एका अंशाला साधारण पाव मायक्रॉन वाढतो. रिंग टेबलावरची आणि पीस आठ अंश गरम, म्हणजे दोन मायक्रॉन गेले.

चाकणफाटा
हे तक्त्यात घालतो. शब्दांचं म्हणाल तर ‘हातबदल फरक’ ऑपरेटरांना लगेच कळला. ‘एकहाती’वर मात्र एकाने ‘दुसऱ्या हाताने गेज धरायचा नाही का?’ असं विचारलं.

अनुस्वार
हेच मी म्हणत होतो. ‘त्याच हाताचा फरक’ करा. लांब आहे, पण खोटा नाही.

निगडी_क्यूसी
‘हातबदल’ही पुढे अडणार आहे. पुढच्या महिन्यात हाच पीस सीएमएमवर, म्हणजे प्रोबने मोजणाऱ्या मशीनवर, जाणार असेल तर प्रोब मशीन चालवतं, ऑपरेटर फक्त पीस फिक्स्चरमध्ये ठेवतो. एक सीएमएम इथे, दुसरं चाकणच्या प्लांटला. फरक दोन मशीनमधला असेल तर त्याला कुणाचा हात म्हणायचं?

मापाडी
तिथे ‘मांडणीबदल फरक’ म्हणता येईल. पण मग बोअर गेजला एक शब्द आणि सीएमएमला दुसरा असं होईल, आणि मूळ इंग्रजी शब्द तर दोन्हीकडे एकच आहे.

अनुस्वार
म्हणून ‘पुनःप्राप्यता’.