दोन महिन्यांतली पहिली भेट: पैंजण की शाईची बाटली?

धागाकर्ता: आमचं जमून दोन महिने झालेत. शनिवारी तिचा वाढदिवस. ती रोज रात्री शाईपेनाने डायरी लिहिते. मी चार हजारांचे चांदीचे पैंजण बघून ठेवलेत. जास्त होतंय का? ती आईबाबांकडे राहते, इथेच पुण्यात.

खडूस_सदाशिव: होतंय. पैंजण लपत नाहीत, वाजतात. पहिल्याच संध्याकाळी आई विचारणार, कुणी दिले? मग एक तर तिने थाप मारायची, नाहीतर दोन महिन्यांचं प्रकरण घरी मांडायचं. आणि तुझ्या वाढदिवसाला तेवढंच परत करायचं ओझं वेगळंच. शाईची बाटली दे.

मिरजेची_मावशी: शाई? बक्षीस समारंभ आहे का! आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा चांदीचंच दिलं होतं, अजून जपून ठेवलंय.

खडूस_सदाशिव: मावशी, तुमचं लग्न ठरलेलं होतं का तेव्हा?

मिरजेची_मावशी: हो, साखरपुडा झाला होता. मग?

खडूस_सदाशिव: मग काही नाही.

रोहन७७: शाईपेक्षा नवं पेनच दे ना, हजारभरात चांगलं येतं.

दौतवाली: पेन वाईट नाही, पण निब ज्याच्या-त्याच्या हाताची असते. बारीक निबवर अक्षर बसलेल्या माणसाला जाड निब दिली की पेन खणात जाऊन पडतं. शाई तिच्याच पेनात जाते, म्हणून ती बरी. आधी एक बघ: डायरीच्या पानामागे अक्षर उमटतं का? मजकूर वाचू नकोस, फक्त पान उलटं दिसलं तरी पुरे. उमटत असेल तर कागद पातळ आहे, फार ओली वाहणारी शाई तिथे आणखी फुटेल. चमकी घातलेली शाई दुकानात मोह पाडते, पण चमकी बारीक निबमध्ये अडकते. पाण्याने न पुसली जाणारी शाईही टाळ, पेन आठवडाभर पडून राहिलं की ती आत वाळून बसते. साधी, धुतली की निघणारी शाई घे. ती निळ्याने लिहीत असेल तर गडद हिरवी किंवा विटकरी. पिवळी, फिकट गुलाबी नको, रात्रीच्या दिव्यात वाचता येत नाही.

रोहन७७: जुनी निळी आत असताना वरून हिरवी भरली तर?

दौतवाली: रंग गढूळ होतो, कधी गाळही धरतो. साध्या पाण्याने, गरम नव्हे, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. हे त्याने तिला शिकवू नये, तिला माहीत असणार.

धागाकर्ता: पान पाहिलं, मागे उमटतं. विटकरी घेतली. पण पैंजणांचे पाचशे रुपये आगाऊ दिलेत, दुकानदार परत देत नाही.

मिरजेची_मावशी: मग घेऊनच टाक. दिवाळीला दे.

खडूस_सदाशिव: दिवाळीपर्यंत टिकलं तर.