मथळ्याचे वजन आठपट: शोध सुधारला की बिघडला?

लोकलप्रवासी
आमचा जुन्या मराठी नियतकालिकांचा संग्रह इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीवर चालतो. त्यात मथळ्यात सापडलेल्या शब्दाचे वजन आठपट केले आणि शोधाबद्दलच्या संपादकांच्या बाराही तक्रारी एका दुपारी मिटल्या. लोक उगाच गणिते मांडत बसतात. मथळा हाच लेखाचा गाभा असतो. खालची ओळ लिहा आणि मोकळे व्हा.

```
"fields": ["title^8", "body"]
```

माटुंगाकर
‘मोकळे व्हा’ हे वाचून राहवले नाही. मुंबईतल्याच एका संग्रहावर मी दोन वर्षे काम केले. तिथे ‘गिरणी संप’ शोधले की सर्वांत वर ‘पिठाची गिरणी’ हा ललित लेख येई आणि १९८२ च्या संपावरचा, दोन्ही शब्द तीस-तीस वेळा आलेला लेख तिसऱ्या पानावर सापडे, कारण त्याचा मथळा होता ‘भोंगा थांबला तेव्हा’. मराठी संपादक मथळ्यात विषय सांगतातच असे नाही.

आता गणित, उगाच का होईना. दोन्ही शब्दांची दुर्मिळता सारखी आणि लेखांची लांबी सरासरी धरा. शोधात लेखांना गुण देणारे सूत्र म्हणजे बीएम२५. त्याच्या नेहमीच्या मांडणीत मजकुरात एकदा आलेल्या शब्दाला ०.४५ गुण मिळतात आणि तीस वेळा आलेल्याला ०.९६, कितीही वेळा आला तरी तो १ ओलांडत नाही. म्हणजे संपाच्या लेखाला दोन शब्दांचे मिळून १.९२. ‘पिठाची गिरणी’ हा दोनच शब्दांचा मथळा सरासरी मथळ्याच्या निम्मा असल्यामुळे त्यातल्या एकट्या ‘गिरणी’ला ०.५७ मिळतात. तिप्पट केल्यास १.७१ होतात आणि संपाचा लेख वर राहतो. आठपट केल्यास ४.५७ होतात, मग संपाच्या लेखात तो शब्द हजार वेळा असला तरी उपयोग नाही. तुम्ही वजन दिलेले नाही, मजकूर शर्यतीतून बाद केला आहे.

गोरेगावची केमिस्ट
आमच्या दुकानाच्या ऑनलाइन यादीत नावाला दहापट वजन आहे आणि तीन वर्षांत एकही गिऱ्हाईक चुकीच्या औषधापाशी गेलेले नाही. तुमचे हे दुखणे मला समजतच नाही.

माटुंगाकर
तुमच्याकडे नाव म्हणजेच वस्तू, ताई. ‘भोंगा थांबला तेव्हा’ नावाची गोळी कोणी विकत नाही.

परळवासी
दोघेही भलत्याच जागी भांडत आहात. खरा दोष विभक्ती प्रत्ययांचा आहे. ‘संपाचा शेवट’ हा मथळा ‘संप’ शोधल्यावर जुळतच नाही, मग त्याला आठपट द्या नाहीतर ऐंशीपट. शब्दांचे प्रत्यय छाटून ते शोधासाठी तयार करणारा ॲनालायझर बहुतेक ठिकाणी हिंदीचाच लावून वेळ मारून नेली जाते. तो शेवटचा काना काढून ‘संपाच’ एवढे करतो आणि थांबतो. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या युनियनची पत्रके मी स्वतः टंकली आणि ती शोधता येईनात, तेव्हा वजनाचे आकडे बदलण्यात मी महिना घालवला. ‘चा, ची, चे’ आणि ‘ला, ने’, शिवाय त्यांच्याआधी काना उरला तर तोही छाटण्याचे नियम लिहिल्यावर काम झाले. वजनाला हात लावण्याची गरजच नसते.

माटुंगाकर
पहिला अर्धा भाग मान्य करतो, नाइलाजाने. दुसरा नाही. प्रत्यय छाटल्यावर मथळ्यांत अधिक जुळण्या होतात, म्हणजे चुकीचे आठपट वजन अधिक लेखांना लागते. तुमची पत्रके बहुधा बिनमथळ्याची होती, म्हणून हा त्रास दिसला नाही.

परळवासी
पत्रकांना मथळे होते, आणि ते मला तोंडपाठ आहेत. न पाहिलेल्या गोष्टीवर बोलू नये.

नवकवी
म्हणजे माझ्या कवितेच्या शीर्षकात ‘मुंबई’ घातले तर ती गूगलवर वर येईल का?

दादरची ग्रंथपाल
तो प्रश्न वेगळा आहे. माटुंगाकरांच्या तिप्पटीवरही विसंबू नका, कारण दुर्मिळ शब्दाला जास्त गुण मिळतात आणि दुर्मिळता प्रत्येक फील्डमध्ये, म्हणजे मथळ्यात आणि मजकुरात, वेगळी मोजली जाते. मुंबईच्या संग्रहात ‘गिरणी’ मजकुरात जागोजागी असते, मथळ्यात क्वचित. त्यामुळे मथळ्यातली जुळणी आधीच महाग असते. ती दुर्मिळता १.२ पट भरली तरी १.७१ चे २.०५ होतात आणि पिठाची गिरणी पुन्हा वर. इलॅस्टिकसर्चमध्ये ७.१३ पासून `combined_fields` आहे. त्यात आधी दोन्ही फील्डमधली मोजणी एकत्र होते आणि गुण नंतर लागतात. आठपट म्हणजे जणू शब्द आठ वेळा आला, आणि १ ची मर्यादा कायम राहते. अट अशी की दोन्ही फील्डना एकच ॲनालायझर हवा.

माझा खरा आक्षेप त्या बारा तक्रारींना आहे. ज्या बारा शोधांवर आकडा बसवला, त्याच बारांवर तो तपासला. आम्ही चाळीस शोध निवडले, वीसांवर आकडे ठरवले आणि उरलेले वीस बंद पाकिटात ठेवले. पहिल्या वीसांवर ६.५ हा आकडा सर्वांत चांगला ठरला. पाकीट उघडल्यावर त्याने दुप्पट वजनापेक्षाही वाईट निकाल दिले. दशांश चिन्ह दिसले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

लोकलप्रवासी
गणिताच्या शिकवणीबद्दल आभार. आत्ताच गुण कुठून आले ते दाखवणारे `"explain": true` लावून ‘गिरणी संप’ शोधले. वरचे सात लेख मथळ्यावर आले आहेत, त्यांतले दोन पिठाचे. आकडा तीनवर आणतो. पण संपादकांची बारावी तक्रार परत आली, तर तिचे उत्तर माटुंगाकरांनी द्यावे.