मदत हवी आहे: हायड्रॉलिक होजची गळती शोधताना बोटात ऑइल घुसलं

आमच्या प्रेसवर २०० बारची लाइन आहे, मागच्या आठवड्यात होजवर बारीक धुकं दिसत होतं म्हणून हेल्परने हातमोजा घातलेल्या हाताने होज चाचपला आणि तर्जनीला टाचणी टोचल्यासारखं झालं, फक्त एक ठिपका, रक्त नाही, दुखतही नव्हतं. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि मलम देऊन घरी पाठवलं. रात्री बोट सुजून कडक, पांढरट झालं, ठणका थांबेना, तेव्हा हाताच्या सर्जनने बोट उघडून आत पसरलेलं ऑइल आणि मेलेला भाग काढला. ते म्हणाले पहिल्या काही तासांतच यायला हवं होतं, उशिराने बोट जाऊ शकतं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं याचं फार वाईट वाटतंय.

आता गळती पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला लावून शोधायची आणि फिटिंगला हात लावायच्या आधी पंप बंद करून अक्युम्युलेटरसकट प्रेशर शून्य करायचं असं ठरवलंय. तुमच्याकडे लाइनमध्ये अडकलेलं प्रेशर कसं तपासता? आणि दवाखान्यात दाखवायला ऑइलचं नाव, प्रेशर, वेळ लिहिलेलं कार्ड कोणी ठेवतं का, त्यात अजून काय लिहावं?